मृत्युपत्र नसताना भावंडांमधली वाटणी: या चुका टाळा

वडील मृत्युपत्र न करता गेले की बहुतेक घरांत वाटणीची बोलणी 'कोण कसतंय' आणि 'बहिणीला लग्नात काय दिलं' इथून सुरू होतात. कायद्याचा हिशोब या दोन्ही गोष्टी विचारात घेत नाही. त्याला तीनच प्रश्न पडतात: मालमत्ता मुळात कोणाची, ती त्या माणसाकडे कशी आली, आणि घरातलं कोण कोणाच्या आधी गेलं. पुढचं विवेचन महाराष्ट्रातल्या, हिंदू वारसा कायदा लागू असणाऱ्या कुटुंबांपुरतं आहे. हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागतो. मुस्लिम, ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांचे नियम वेगळे आहेत.

चूक पहिली: सगळंच 'वडिलोपार्जित' धरणं

बोलण्यात आपण वडिलांकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला वडिलोपार्जित म्हणतो. कायदा तसं म्हणत नाही. हिंदू वारसा कायदा 17 जून 1956 ला लागू झाला. आजोबा त्याआधी वारले असतील आणि जमीन वडिलांकडे आली असेल, तर ती सहसा खऱ्या अर्थाने वडिलोपार्जित असते, म्हणजे तिच्यात मुलांचा जन्मतः हिस्सा असतो. आजोबांनी स्वतः घेतलेली जमीन 1956 नंतरच्या त्यांच्या मृत्यूने वडिलांना मिळाली असेल, तर ती वडिलांची स्वतंत्र मालमत्ता ठरते. वडिलांनी पगारातून बांधलेलं घरही स्वतंत्रच.

हे ओळखायला आजचा सातबारा पुरत नाही. त्यावर लिहिलेल्या फेरफार क्रमांकांवरून मागे जात जुने फेरफार काढावे लागतात: जमीन खरेदीने आली, वारसाने आली की वाटपाने, आणि कोणत्या साली. जुन्या उताऱ्यावर थोरल्या भावाच्या किंवा काकाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' असं दिसलं तर तो एकटा मालक नव्हे. ते एकत्र कुटुंबाचे मॅनेजर म्हणून लावलेलं नाव आहे. या तीन अक्षरांकडे दुर्लक्ष झाल्यामुळे वर्षानुवर्षं चालणारे दावे उभे राहतात.

चूक दुसरी: मृत्यूंचा क्रम न पाहणं

एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. आजोबा 1951 साली वारले आणि त्यांची अडीच एकर, म्हणजे 100 गुंठे जमीन वडिलांकडे आली. ती वडिलोपार्जित. वडिलांनी स्वतःच्या कमाईतून एक घर बांधलं, आजची किंमत 30 लाख रुपये. वडील 2019 साली मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. दुसऱ्या मुलीचं लग्न 1988 साली झालं आणि ती 1999 साली वारली. तिची दोन मुलं आहेत.

घराचा हिशोब सोपा आहे. आई, दोन मुलगे, हयात मुलगी आणि वारलेल्या मुलीची शाखा असे पाच समान भाग, प्रत्येकी 6 लाख. वारलेल्या मुलीच्या दोन्ही मुलांना मिळून एक भाग. जावयाला यात काही नाही, कारण सासऱ्याआधी वारलेल्या मुलीची मुलं वारस ठरतात, नवरा ठरत नाही.

जमिनीचा हिशोब दोन पायऱ्यांत करावा लागतो. वडील वारले त्या क्षणाच्या आधी वाटणी झाली असं आधी मानायचं. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क मिळाला, पण तो 9 सप्टेंबर 2005 ला हयात असलेल्या मुलीला. तिचं लग्न कधी झालं याला महत्त्व नाही. त्या दिवशी वडील जिवंत असण्याचीही गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 च्या निकालात स्पष्ट केलं. 1999 मध्ये गेलेली मुलगी मात्र यात बसत नाही. (महाराष्ट्राने 22 जून 1994 पासूनच मुलींना असा हक्क दिला होता, पण त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या.) म्हणून या मानलेल्या वाटणीत वडील, आई, दोन मुलगे आणि हयात मुलगी असे पाच जण येतात, प्रत्येकी 20 गुंठे.

आता वडिलांचे 20 गुंठे त्यांच्या वारसांत जातात. तिथे वारलेल्या मुलीची शाखाही आहे, म्हणून पाच भाग, प्रत्येकी 4 गुंठे. शेवटी आई, दोन्ही मुलगे आणि हयात मुलगी यांना प्रत्येकी 24 गुंठे, आणि भाच्यांना मिळून 4.

सगळं घर-शेत 'वडिलोपार्जित' म्हणून एकाच मापाने वाटलं असतं, तर भाच्यांना घरात 6 लाखांऐवजी 1 लाख 20 हजार मिळाले असते. सगळं स्वतंत्र धरलं असतं, तर शेतात 4 ऐवजी 20 गुंठे गेले असते. आणि तीच मुलगी 1999 ऐवजी 2021 साली, म्हणजे वडिलांनंतर वारली असती, तर जमिनीत पुरे 20 गुंठे तिचे झाले असते आणि ते तिच्या मुलांबरोबर तिच्या नवऱ्यालाही मिळाले असते. म्हणून मृत्यूचे दाखले जमवून तारखांचा क्रम कागदावर मांडल्याशिवाय अपूर्णांकाला हात लावू नये.

आईचा हिस्सा या सगळ्यात सर्वांत जास्त वेळा विसरला जातो. 'आई काय, कोणाकडेही राहील' म्हणून भावंडं चारच भाग करतात. तो हिस्सा आईच्या पूर्ण मालकीचा असतो.

चूक तिसरी: वारस नोंदीलाच वाटणी समजणं

वारस नोंद म्हणजे मृताच्या नावाच्या जागी वारसांची नावं लागणं. ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्या जुन्या बोलीत तलाठ्याकडे, तीन महिन्यांच्या आत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करायचा. तो फेरफार धरतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत नसेल तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. यानंतर सातबारावर सगळ्या वारसांची नावं येतात, पण जमीन एकत्रच राहते. 'पूर्वेकडचा तुकडा माझा' असं म्हणायला त्यात काहीच आधार नसतो.

इथे नेहमी होणारी गडबड म्हणजे प्रतिज्ञापत्रात बहिणींची किंवा वारलेल्या बहिणीच्या मुलांची नावं न देणं. अशी नोंद झाली म्हणून त्यांचा हक्क जात नाही, कारण फेरफार मालकी ठरवत नाही. पण ती तशीच राहू देऊ नये, कारण त्या उताऱ्याच्या जोरावर जमीन विकली किंवा तारण ठेवली जाऊ शकते. नाव सुटल्याचं कळलं की उपविभागीय अधिकाऱ्याकडे 60 दिवसांत अपील करावं. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडावा. हिस्साच नाकारला जात असेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा हाच मार्ग आहे. एकत्र मालमत्तेतून आपल्याला बाहेर ठेवलं आहे हे कळल्यापासून त्याला बारा वर्षांची मुदत असते.

चूक चौथी: हक्कसोड कागद न वाचता सही करणं

'वारस नोंदीसाठी सही लागते' असं सांगून बहिणीला बोलावलं जातं आणि कागद निघतो हक्कसोडपत्राचा. हे दोन वेगळे कागद आहेत. नोंदीच्या कामासाठी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागत नाही. तिथे अंगठा आणि फोटो घेतला जात असेल, तर तुम्ही हक्क सोडत आहात हे समजून घ्यावं. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. ते फसवून घेतल्याचं न्यायालयात सिद्ध करावं लागतं, तेही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा लावून.

उलट बाजूनेही चूक होते. बहीण मनापासून हक्क सोडायला तयार असते, पण भाऊ स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेतात. स्थावर मिळकतीचा हक्क असा सुटत नाही, नोंदणी लागतेच. शिवाय हक्क कोणाच्या लाभात सोडला ते लिहिलेलं असावं. आपल्या उदाहरणातल्या बहिणीने 24 गुंठे आईच्या लाभात सोडले आणि आई मृत्युपत्र न करता गेली, तर आईच्या 48 गुंठ्यांत ती बहीण पुन्हा वारस म्हणून येते. 'आईच्या पश्चात येणारा हक्कही सोडत आहे' हे वाक्य त्यात घालून उपयोग नसतो. आई जिवंत असताना तो हक्क जन्मालाच आलेला नसतो, आणि नसलेला हक्क सोडता येत नाही. मोबदला घेऊन हक्क सोडत असाल तर ती रक्कम कागदात खरी लिहावी. भावंडांना मिळणारी मुद्रांक सवलत विनामोबदला, वडिलोपार्जित मिळकतीच्या हक्कसोडीसाठी आहे.

चूक पाचवी: तुकडा कायद्यात बसतो का हे शेवटी पाहणं

आपल्या उदाहरणातले 4 गुंठे कागदावर बरोबर आहेत, पण शेतात काढून देता येत नाहीत. तुकडेबंदी कायद्याप्रमाणे शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे, आणि वाटणीने त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. अशा वेळी त्या हिश्श्याचे पैसे द्यायचे किंवा तो दुसऱ्या मिळकतीत जिरवायचा. गुंठ्याचा भाव 1 लाख धरला तर भाच्यांचे शेतातले 4 लाख आणि घरातले 6 लाख मिळून 10 लाख होतात. घरात राहणाऱ्या भावाने ते देऊन त्यांचा दोन्हीकडचा हिस्सा नोंदणीकृत दस्ताने घेतला, तर शेत चार भागांत नीट बसतं.

वाटणीपत्र लिहिण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी. गावातल्या दोरीने केलेले 24 गुंठे मोजणीत 22 निघतात आणि मग दस्त दुरुस्त करायला सगळे पुन्हा एकत्र येत नाहीत. दस्तात प्रत्येक तुकड्याच्या चतुःसीमा हव्यातच, पण त्याहून जास्त भांडणं आतल्या तुकड्याला रस्ता कोणत्या बांधावरून, किती फूट रुंद, आणि विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या व वीजबिल कसं, हे न लिहिल्यामुळे होतात.

सगळे एकमताने तयार असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र करता येतं, किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. एकाने जरी संमती नाकारली तरी तहसीलदार हिस्से ठरवू शकत नाहीत. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक नाममात्र आहे, घर-प्लॉटला किमतीच्या प्रमाणात, त्यामुळे दोन्ही एकाच दस्तात घालण्याआधी दुय्यम निबंधक कार्यालयात खर्च काढून घ्यावा. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना 8 जोडून थांबू नये. तो कर आकारणीचा उतारा आहे. मिळकत पत्रिका असेल तर तिच्यावरही फेरफार करून घ्यावा लागतो, आणि शेतात प्रत्येकाचा स्वतंत्र पोटहिस्सा क्रमांक पडून वेगळा सातबारा हाती येईपर्यंत दस्ताची प्रत घेऊन पाठपुरावा करत राहावा लागतो.