सेनपाई म्हणजे क्रश नाही आणि तलवार दिसली की इसेकाई नाही: ॲनिमे नव्याने बघणाऱ्यांनो, या चुका टाळा

नवीन कोणी ॲनिमे बघायला लागलं की मला मनापासून आनंद होतो, खरंच, पण तो आनंद साधारण आठवडाभर टिकतो कारण तेवढ्यात ही मंडळी रील्समधून चार शब्द उचलतात आणि जिकडेतिकडे फेकत सुटतात. सांगून सांगून तोंड दुखलं म्हणून आता लिहूनच ठेवतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे सेनपाई.

"नोटिस मी सेनपाई" हे मीम तुम्ही बघितलंच असेल. ते इंग्रजी इंटरनेटचं बाळ आहे, आणि त्याच्यामुळे अर्ध्या जगाला वाटतं की ज्याच्यावर आपण मनातल्या मनात मरतो तो सेनपाई. त्यात ॲनिमेमधल्या मुली वरच्या वर्गातल्या पोरांच्या प्रेमात पडतातही, त्यामुळे गोंधळ अजून पक्का होतो. पण भावा, तो वरच्या वर्गात आहे म्हणून सेनपाई आहे, ती त्याच्या प्रेमात पडली नसती तरी तो सेनपाईच राहिला असता. शाळा, क्लब, ऑफिस, कुठेही तुमच्या आधी आलेला माणूस तुमचा सेनपाई आणि तुम्ही त्याचे कोहाई. नावाला जोडूनही म्हणतात, आपण सचिनदादा म्हणतो तसं, आणि नुसतं "सेनपाई" अशी हाकही मारतात. कोहाई अशी हाक मात्र कोणी कोणाला मारत नाही, ज्युनियरला सरळ नावाने बोलावतात, फारतर नावामागे कुन हा प्रत्यय लावतात.

आणि हे नातं आहे, पदवी नाही. म्हणजे माझा सेनपाई तुमचा सेनपाई असेलच असं नाही, तुम्ही त्या शाळेत किंवा त्या क्लबात असायला तर हवं.

याचा किस्सा ऐका. माझी मावसबहीण पुण्यात एका आयटी कंपनीत आहे, त्यांच्याकडे जपानहून क्लायंट येतात. एकदा पन्नाशीतले एक मॅनेजर आले, आणि टीममधल्या एका फ्रेशरने, ज्याने तीन सिरीज बघून "मला जपानी कल्चर येतं" असं सगळ्यांना सांगून ठेवलेलं, त्याने पुढे होऊन कमरेत वाकून "वेलकम, सेनपाई" म्हणून टाकलं. साहेब जरा थांबले, मग अगदी मनापासून विचारलं, तुम्ही पण आमच्याच युनिव्हर्सिटीचे का? म्हणजे त्यांनी बिचाऱ्यांनी त्याचा सरळ अर्थ घेतला, की हा पोरगा कुठेतरी आपला ज्युनियर असणार. पोरगं गडबडलं आणि ती गडबड सावरायला लगेच स्वतःची ओळख करून दिली, ती पण स्वतःच्या नावापुढे सान लावून! सान हे समोरच्याला लावायचं असतं, स्वतःला लावलं की आपणच आपल्याला "मी अमुकतमुक साहेब" म्हटल्यासारखं होतं. साहेब हसले, पुढची मीटिंग नीट झाली, काही नुकसान नाही झालं, पण बहीण सांगते की त्या पोराला आजही ऑफिसात सगळे सेनपाईच म्हणतात.

अशा क्लायंटला आडनाव अधिक सान, बास. शिक्षकाला, डॉक्टरला, वकिलाला, मांगा काढणाऱ्याला सेन्सेई. तेवढ्यावर खूप दिवस निघतात.

आता गंमत अशी की सेनपाई असलेल्या माणसाला दर वेळी सेनपाई म्हणतातच असंही नाही. हायक्यू या व्हॉलीबॉलच्या सिरीजमध्ये बघा. कागेयामा पहिल्या वर्षाला आहे, ओइकावा तिसऱ्या वर्षाला, दुसऱ्या शाळेत, पण मिडलस्कूलमध्ये दोघं एकाच टीमला होते. म्हणजे ओइकावा त्याचा सेनपाई. आता नेटच्या दोन बाजूंना उभे आहेत, ओइकावाने त्याला सर्व्ह शिकवायला सरळ नकार दिलेला, तरी कागेयामा त्याला "ओइकावा-सान"च म्हणतो. स्वतःच्या टीममधल्या सिनियर्सनाही ही पोरं बहुतेक वेळा सानच लावतात. म्हणून कागेयामाच्या टीममधला हिनाता जेव्हा वरच्या वर्षाच्या निशिनोयाला "सेनपाई" म्हणतो तेव्हा तो बुटका लिबेरो कसा विरघळतो ते बघा, तो सीन विनोदी का आहे हे सेनपाई म्हणजे क्रश समजणाऱ्याला कळणारच नाही. त्या पोराला कोणीतरी सिनियर म्हणून मान दिला याचा आनंद झालाय, बाकी काही नाही.

माझी सवय सांगतो. नवीन शाळेची सिरीज असली की पहिला एपिसोड मी जपानी ऑडिओ लावूनच बघतो आणि कोण कोणाला काय म्हणतंय एवढ्याकडेच कान ठेवतो. सबटायटलवाले पुष्कळदा हे सगळं गाळून नुसतं नाव टाकतात, ऐकू येतं "तानाका-सान" आणि खाली लिहिलेलं असतं "तानाका". डब बघणाऱ्यांशी माझं भांडण नाही, पण मग "ते दोघं अचानक जवळचे कसे झाले" असं मला विचारायला येऊ नका. जपानीत आडनाव सोडून पहिल्या नावाने, तेही मागे काहीही न लावता हाक मारणं ही मोठी गोष्ट असते, आणि ती बदलते तेव्हा कानावरच कळतं.

याचंच उदाहरण तोरादोरात आहे, आणि तिथून दुसऱ्या लाडक्या चुकीकडे येतो: सुंडेरे.

लोकांच्या मते सुंडेरे म्हणजे ओरडणारी मुलगी. चिडकी दिसली, लावा लेबल. असं नाही हो. या शब्दात दोन भाग आहेत, त्सुन-त्सुन म्हणजे नाक वर करून, काटे काढून वागणं, आणि डेरे-डेरे म्हणजे प्रेमात पाघळणं. दुसरा भाग कधी दिसलाच नाही तर ती व्यक्ती नुसती तापट आहे. माय हिरो अकॅडेमियातला बाकुगो फक्त बोंबलतो म्हणून त्याला सुंडेरे म्हणणाऱ्यांनी जरा पाणी प्या.

तोरादोरा 2008 साली सुरू झालेली सिरीज, 25 एपिसोडची, आणि तिची ताइगा हे सुंडेरेचं सगळ्यात जास्त दिलं जाणारं उदाहरण. पहिल्याच एपिसोडमध्ये ही बया रात्री लाकडी तलवार घेऊन वर्गातल्या र्‍यूजीच्या घरात घुसते, कारण दुसऱ्याच मुलासाठी लिहिलेलं प्रेमपत्र तिने चुकून याच्या बॅगेत टाकलेलं असतं. पाकीट उघडलं तर आत पत्रच नाही, ते ठेवायलाच विसरली. मग भुकेने भोवळ येते आणि ज्याला मारायला आली तोच तिला फ्राइड राइस करून घालतो. आता इथे आमचे घाईवाले लगेच म्हणतात, बघ, त्याच्यावर प्रेम आहे म्हणून मारते. चूक! तेव्हा तिचं र्‍यूजीवर काहीही प्रेम नाही, पत्र खरंच कितामुरासाठी होतं. ती त्याला मारते कारण तिला त्याला मारायचं आहे.

मग डेरे कुठे? ते हळूहळू येतं, आणि हाच तर मुद्दा आहे. हा शब्द 2000 नंतरच्या जपानी इंटरनेटवर, डेटिंग-गेम खेळणाऱ्या लोकांच्या गप्पांमध्ये तयार झाला, आणि तेव्हा त्याचा अर्थ होता आधी काटेरी आणि गोष्ट पुढे सरकेल तशी मऊ होत जाणारी. सगळ्यांसमोर फटकन बोलायचं, एकटं असताना लाजायचं, हा अर्थ नंतर जास्त पसरला. दोन्ही चालतात, पण ताइगा पहिल्या जातीची. दुसऱ्या एपिसोडमध्ये दोघं वैतागून रस्त्यावरच्या खांबाला लाथा घालतात, आणि त्याच एपिसोडच्या शेवटाकडे र्‍यूजी तिला "आइसाका" या आडनावाऐवजी "ताइगा" म्हणतो. अजून प्रेम नाहीये, पण काटे जरा वाकलेत. म्हणून माझा नियम साधा आहे: निदान अर्धी सिरीज होईपर्यंत कोणालाही सुंडेरे म्हणायचं नाही. दीड मिनिटाची क्लिप बघून ठरवणाऱ्यांसाठी माझ्याकडे उपाय नाही.

घाईत ओळखायचंच असेल तर एक वाक्य कानात ठेवा, "बेत्सु नि, आंता नो तामे जा नाइ न दाकारा ने", म्हणजे हे काही तुझ्यासाठी नाही केलंय हां. गाल लाल, हातात डबा, मान दुसरीकडे. हे तिन्ही एकदम दिसलं तर लेबल लावा बिनधास्त.

आणि हो, सुंडेरे मुलगाही असतो. यांडेरे म्हणजे प्रेमात डोकं फिरलेलं पात्र, नुसतं खुनशी पात्र नाही. कूडेरे-डांडेरे वगैरे नंतर बघा, यादी पाठ करून ॲनिमे बघायचा नसतो.

इसेकाईबद्दल. म्हणजे दुसरं जग, आणि अट एकच आहे की कोणीतरी एका जगातून तिकडे जायला हवं. जादू, एल्फ, ड्रॅगन असून भागत नाही. आमच्या एका मित्राने "इसेकाई बघूया" म्हणून सगळ्यांना फ्रीरेन लावून दिलं, आणि दोन नवीन पोरं चार एपिसोड वाट बघत बसली की उडवून दुसऱ्या जगात पाठवणारा तो ट्रक कधी येणार. ट्रक येणारच नव्हता! फ्रीरेन त्याच जगात जन्मली, तिथेच हजार वर्षांहून जास्त जगली, ती कुठून येणार आणि कुठे जाणार? त्या बिचाऱ्यांनी एवढी सुंदर सिरीज चुकीची वाट बघण्यात घालवली, मला त्याचाच जास्त राग आहे.

ट्रकचं पण ऐका. ट्रकने उडवलं की दुसऱ्या जगात, हा विनोद आहे, नियम नाही. स्लाइम या सिरीजमधला 37 वर्षांचा मिकामी चाकू लागून मरतो आणि तिकडे स्लाइम म्हणून जन्मतो, हे तेनसेई, म्हणजे पुनर्जन्म. री-झीरोचा सुबारू मरतच नाही, दुकानातून खरेदी करून बाहेर येतो आणि डोळे मिटून उघडतो तर जग बदललेलं, हे तेन-ई, म्हणजे आहे तसं तिकडे जाणं. आणि कोनोसुबाच्या काझुमाला वाटतं आपण मुलीला ट्रकपासून वाचवून हुतात्मा झालो, तर तो निघतो हळू चाललेला ट्रॅक्टर, आणि हा नुसत्या धसक्याने गेलेला असतो. तिन्ही गोष्टी मुळात जपानमधल्या एकाच वेबसाइटवर हौशी लेखकांनी टाकलेल्या. तिथे अशा गोष्टींचा इतका सुळसुळाट झाला की 2016 मध्ये तेनसेई-तेन-ईवाल्यांची रँकिंग वेगळी काढावी लागली. पण हा प्रकार त्या वेबसाइटने शोधला असंही समजू नका, 2001 च्या स्पिरिटेड अवेमध्ये चिहिरो बोगद्यातून पलीकडे जाते ते काय आहे मग?

सोर्ड आर्ट ऑनलाइन इसेकाई की नाही यावर भांडू नका. शरीर इकडेच पडलेलं आहे, मन गेममध्ये अडकलंय, दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत आणि त्या वादात माझे दोन ग्रुप मोडलेत.

शेवटचं, कोनोसुबा पहिला इसेकाई म्हणून कोणालाही दाखवू नका. ती या सगळ्या प्रकाराची टिंगल आहे, आणि ट्रॅक्टरवर हसायला आधी दोन-चार ट्रक बघितलेले असावे लागतात. आधी स्लाइम, मग री-झीरोचे सुरुवातीचे काही एपिसोड, मग कोनोसुबा. एपिसोड 1.5 स्पीडवर बघणार असाल तर राहू द्या.