अॅनोव्हाचा तक्ता हाताने करताना या चुका टाळा

एकमार्गी प्रचरण विश्लेषणाचा, म्हणजे वन-वे अॅनोव्हाचा तक्ता चुकला तर बहुतेक वेळा तो चुकलेला दिसत नाही. बेरजा जुळतात, F निघतो, निष्कर्षही लिहिला जातो. गटांतल्या नोंदींची संख्या असमान असेल तर हा धोका जास्त असतो, म्हणून उदाहरणही तसंच घेतलं आहे.

तीन खतांवर वाढवलेल्या रोपांची उंची सेंटिमीटरमध्ये अशी आहे. प्रत्येक आकडा वेगळ्या रोपाचा आहे. एकाच रोपाची तीन मापं तीन नोंदी म्हणून घातली असती, तर पुढचं सगळं गणित व्यर्थ ठरलं असतं.

क: २०, २३, २१, २४ (बेरीज ८८, सरासरी २२)
ख: २५, २८, २६, २७, २४ (बेरीज १३०, सरासरी २६)
ग: २२, २०, २४ (बेरीज ६६, सरासरी २२)

एकूण नोंदी १२, एकूण बेरीज २८४. करेक्शन फॅक्टर म्हणजे २८४ चा वर्ग भागिले १२, तो ६७२१.३३३. सगळ्या नोंदींच्या वर्गांची बेरीज ६७९६ येते. त्यातून करेक्शन फॅक्टर वजा केला की एकूण वर्गबेरीज ७४.६६७. गटागटांमधल्या वर्गबेरजेसाठी प्रत्येक गटाच्या बेरजेचा वर्ग त्याच गटाच्या नोंदसंख्येने भागायचा: १९३६ + ३३८० + १४५२ = ६७६८. यातूनही करेक्शन फॅक्टर वजा करून ४६.६६७ मिळतात. उरलेले २८ हे गटांच्या आतले.

| प्रचरणाचा स्रोत | वर्गबेरीज | स्वातंत्र्यमात्रा | सरासरी वर्ग | F |
|---|---|---|---|---|
| गटांमधला | ४६.६६७ | २ | २३.३३३ | ७.५ |
| गटांच्या आतला | २८.००० | ९ | ३.१११ | |
| एकूण | ७४.६६७ | ११ | | |

सरासऱ्यांची सरासरी

सगळ्यात फसवी चूक ही. २२, २६ आणि २२ ची सरासरी २३.३३३ येते आणि तीच एकूण सरासरी समजून पुढे जायचा मोह होतो. खरी एकूण सरासरी २८४ भागिले १२, म्हणजे २३.६६७ आहे. ख गटात रोपं जास्त आहेत, त्यामुळे ती त्याच्याकडे झुकते. गट समान असते तर दोन्ही आकडे एकच आले असते, आणि पाठ्यपुस्तकातल्या समान गटांच्या उदाहरणांवर सराव केल्यामुळेच ही सवय लागते.

चुकीच्या सरासरीपासून गटांची विचलनं घेऊन वर्ग केले, नोंदसंख्येने गुणले, की गटांमधली वर्गबेरीज ४८ येते. एकूण ७४.६६७ मधून ती वजा केली की आतली २६.६६७ उरते. कुठेही ऋण आकडा नाही, बेरीज तंतोतंत जुळते. पण F आता ८.१ होतो. २ आणि ९ स्वातंत्र्यमात्रांसाठी १ टक्का पातळीचं कोष्टकमूल्य ८.०२ आहे. म्हणजे ७.५ असताना जी शून्य परिकल्पना १ टक्क्यावर नाकारता येत नव्हती, ती आता नाकारली जाते.

ही चूक पकडायचा खात्रीचा मार्ग एकच: गटांच्या आतली वर्गबेरीज वजाबाकीने काढून थांबू नका, ती एकदा थेट काढा. क गटातली विचलनं उणे २, १, उणे १, २, त्यांच्या वर्गांची बेरीज १०. ख ची १०, ग ची ८. एकूण २८. वजाबाकीचं उत्तर याच्याशी जुळलं नाही तर मागे जा. दोन मिनिटांचं काम आहे, कधीही टाळू नये.

मध्येच केलेलं पूर्णांकन

ही चूक मात्र वरच्या तपासणीतून निसटते. समजा करेक्शन फॅक्टर काढताना सरासरी २३.७ धरली आणि १२ गुणिले २३.७ चा वर्ग केला. उत्तर ६७४०.२८. आता एकूण वर्गबेरीज ५५.७२ आणि गटांमधली २७.७२. दोन्हींत तोच चुकीचा करेक्शन फॅक्टर वजा झाल्यामुळे फरक पुन्हा २८ च येतो. थेट काढलेल्या २८ शी तो छान जुळतो आणि आपण निर्धास्त होतो, पण F मात्र ७.५ वरून ४.४६ वर आलेला असतो. कारण साधं आहे: जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करताना दशांशातली लहानशी चूकही उत्तर खाऊन टाकते.

म्हणून करेक्शन फॅक्टर नेहमी एकूण बेरजेवरून काढावा, सरासरीवरून नाही. आणि आकडे मोठे असतील तर सगळ्यांतून एकच संख्या वजा करून घ्यावी. इथे २० वजा केले तर बेरजा ८, ३० आणि ६ होतात, करेक्शन फॅक्टर ४४ चा वर्ग भागिले १२ म्हणजे १६१.३३३. वर्गांची बेरीज २३६, एकूण वर्गबेरीज पुन्हा ७४.६६७. तिन्ही वर्गबेरजा जशाच्या तशा राहतात, त्यामुळे ही उत्तम फेरतपासणीही होते.

स्वातंत्र्यमात्रा आणि कोष्टक

गटांमधल्या मात्रा गटसंख्येहून एकाने कमी, आतल्या म्हणजे एकूण नोंदी वजा गटसंख्या. कोष्टक पाहताना अंशाची मात्रा आधी येते. (२, ९) साठी ५ टक्क्यांचं मूल्य ४.२६ आहे, पण उलटं (९, २) पाहिलं तर १९.३८. त्या आकड्याशी तुलना केली तर ७.५ क्षुल्लक वाटेल आणि निष्कर्ष पूर्ण फिरेल. F एकाहून कमी आला तर अंश-छेद उलटे करू नका. या चाचणीत गटांमधला सरासरी वर्ग नेहमी वरच राहतो.

R मध्ये करत असाल तर गटांना १, २, ३ असे क्रमांक दिलेले असताना ते संख्या म्हणून वाचले जातात. मग गटाची मात्रा २ ऐवजी १ आणि उरलेली १० दिसते. ती तशी दिसली की समजावं, अॅनोव्हाऐवजी सरळ रेषा बसवली गेली आहे.

```
y <- c(20,23,21,24,25,28,26,27,24,22,20,24)
g <- factor(rep(1:3, c(4,5,3)))
summary(aov(y ~ g))
```

निष्कर्षाचं वाक्य

७.५ हा ४.२६ पेक्षा मोठा आहे, म्हणून ५ टक्के पातळीवर शून्य परिकल्पना नाकारायची. पातळी आधी ठरलेली असावी. ५ टक्क्यांवर नाकारलं जातंय आणि १ टक्क्यावर नाही, हे पाहून सोयीची पातळी निवडणं चूक.

"तिन्ही खतांचा परिणाम वेगळा आहे" असं मात्र लिहू नका. आपल्याच आकड्यांत क आणि ग ची सरासरी अगदी समान आहे. F इतकंच सांगतो की तिन्ही सरासऱ्या एकच आहेत हे मान्य करता येत नाही. कोणती वेगळी, यासाठी पुढची चाचणी हवी. गट असमान असल्यामुळे टकी-क्रेमर पद्धत घेतली, तर ५ टक्क्यांवर क आणि ख मध्ये किमान ३.३० चा, ख आणि ग मध्ये ३.६० चा फरक लागतो. प्रत्यक्ष फरक दोन्हीकडे ४ आहे, म्हणून ख दोघांपासून वेगळं ठरतं. क आणि ग "सारखेच आहेत" असंही लिहिता येत नाही. चार आणि तीन रोपांवर त्यांच्यात फरक आढळला नाही, एवढंच.