बाईंचा वर्ग बंद होताना

आमच्या बाई डोंबिवलीत घरच्या घरी गाणं शिकवायच्या. मी अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा जात होते. सतरंजी घालायची, तंबोरा खोळीतून काढून द्यायचा आणि बाई जुळवेपर्यंत गप्प बसायचं, हा क्रम कधी चुकला नाही. गणपती उठल्यावर एका संध्याकाळी चहाचे कप आत नेता नेता बाई म्हणाल्या, "दिवाळीनंतर मी लेकीकडे नागपूरला जातेय. कायमची. वर्ग आता तेवढाच." आणि आत निघून गेल्या.

त्याच रात्री आमचा ग्रुप सुरू झाला. शाल कुठली, समई चांदीची की पितळेची, हॉल किती वाजता. हे सगळं करायचं असतंच, पण त्यात आमचे तीन आठवडे गेले आणि खरी कामं मागे पडली. तुमच्याही बाई किंवा सर वर्ग बंद करणार असतील, तर आधी कोणती कामं उरकायची ते आमच्या फजितीवरून सांगते.

सगळ्यात आधी बंदिशींच्या वह्या. माझ्या वहीत शब्द पूर्ण होते, पण नोटेशन अर्धवट, कारण बाई समोर असताना लिहायची गरजच वाटली नव्हती. बाईंनी स्वतःची जुनी वही काढून दिली आणि मी पानांचे फोटो काढून घेतले. काम झालं असं समजून घरी मालकंसातल्या छोट्या ख्यालाचं पान उघडलं आणि हार्मोनियमवर वाजवायला लागले. सुरुवातीलाच ध आणि नी यांच्या डोक्यावर टिंब होतं, म्हणून मी ते तार सप्तकात वाजवले. तिथून पुढचा सा एकदम मध्य सप्तकात. हे काही आम्ही गात होतो ते नव्हे.

दुसऱ्या दिवशी बाई हसल्याच. त्यांची वही पलुस्कर पद्धतीची होती आणि आम्ही पुस्तकांतून भातखंडे पद्धत वाचायला शिकलेलो. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराखाली टिंब म्हणजे मंद्र आणि वर टिंब म्हणजे तार. पलुस्करांच्या पद्धतीत मंद्राचं टिंबच वर असतं, आणि तार सप्तकासाठी डोक्यावर उभी रेघ. म्हणजे माझे ध नी मंद्रातले होते आणि तिथून सा वर शांतपणे चढायचं होतं.

तालाच्या खुणांनीही असंच फसवलं. भातखंडे पद्धतीत समेवर फुली असते आणि कालीखाली शून्य. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि कालीला अधिकाची खूण. मी ती अधिकाची खूण फुली समजून सम धरली, त्यामुळे अख्खी बंदिश तीनतालात आठ मात्रांनी सरकली. ही चूक ओळखायची युक्ती बाईंनीच सांगितली. मुखडा हाताने ताल धरून म्हणायचा. ज्या शब्दावर गळा आपोआप टेकतो तिथे टाळी न पडता हात पालथा पडत असेल, तर खुणा उलट वाचल्या आहेत. तसंच कारण नसताना स्वर सप्तकभर उडी मारत असेल, तर आधी लिहिणाऱ्याची पद्धत कोणती ते बघायचं.

म्हणून नुसत्या फोटोंवर थांबू नका. प्रत्येक पान गुरूंसमोर एकदा गाऊन दाखवा. आम्ही सहा आठवड्यांत, दर वेळी दोन याप्रमाणे, चोवीस बंदिशी अशा तपासून घेतल्या. बाई प्रत्येक बंदिश तबल्याशिवाय, हाताने ताल देत, संथ म्हणायच्या आणि आम्ही रेकॉर्ड करायचो. पहिली चार रेकॉर्डिंग वाया गेली. फोनमधली आवाज स्वच्छ करणारी सोय चालू राहिली होती, आणि तंबोऱ्याचा अखंड नाद तिला गोंगाट वाटतो, त्यामुळे ती तो पुसून टाकते. बाई पोकळीत गातायत असं ऐकू येत होतं. ती सोय बंद करून फोन तंबोऱ्यापासून लांब, बाईंच्या समोर ठेवल्यावर जमलं. आधी परवानगी मात्र घ्या. दोन बंदिशी बाईंना त्यांच्या गुरूंकडून मिळालेल्या होत्या. "तुम्ही गा, पण यूट्यूबवर टाकू नका," एवढंच त्या म्हणाल्या. आम्ही टाकलेल्या नाहीत.

परीक्षांचं थोडक्यात सांगते. आमच्यातली एक गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या विशारदच्या मधोमध होती आणि तिचे फॉर्म दरवर्षी बाईच भरून घ्यायच्या. पुढचा फॉर्म कुठल्या केंद्रातून भरायचा आणि आधीची प्रमाणपत्रं कोणाकडे आहेत, हे गुरू गावात असतानाच विचारून घ्या. आणि फीची थकबाकी. बाईंनी कधी मागितली नाही म्हणून आमच्यातल्या दोघींची राहिली होती. समईसाठी वर्गणी काढणाऱ्या त्याच दोघी, हे मला अजून पटत नाही. शेवटी ती पाकिटात घालून दिली.

दुसरं मोठं काम तंबोऱ्याचं. तो बाईंनी मला देऊ केला तेव्हा लक्षात आलं, अकरा वर्षांत मी तो एकदाही जुळवला नव्हता. मग शेवटचे काही तास गाणं बाजूला ठेवून तेवढंच केलं. माझी पट्टी काळी चार. आधी मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, षड्जात मिळवायची. ती एका तारेसारखी वाजली पाहिजे. दोन आवाज एकमेकांवर लाटा मारत असतील तर अजून फरक आहे, आणि लाटा जसजशा मंदावतात तसतशी तार जवळ येते. मग पहिली तार पंचमात आणि शेवटची पितळी तार खर्जात. मोठा फरक खुंटीने काढायचा, बारीक मण्याने. मणी घोडीपासून खाली सरकवला की स्वर किंचित चढतो.

सूर लागला तरी तार मुकी वाटली, तर घोडीवर तारेखाली असलेला दोरा केसभर पुढेमागे करायचा. एका जागी तार अचानक झणकारते, तीच जवारी. मी घाईत दोरा भरकन ओढायची आणि ती जागा दर वेळी निसटायची. बाई म्हणायच्या, "सरकवू नकोस गं, नुसतं त्याला सुचव."

निरोपाला बाईंनी हॉल नाकारला. त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर चौदा जणी बसलो आणि प्रत्येकीने दहा मिनिटं गायचं ठरलं. मी मालकंस घेतला होता. त्यात पंचम नाही, म्हणून पहिली तार उतरवून मध्यमात लावली होती. गाणं बरं झालं. बाईंनी एका तानेला भुवई उचलली, तेवढंच.

नंतर सर्वांत धाकटी भूप गाणार होती. बाईंनी सवयीने तंबोऱ्याकडे हात नेला आणि मध्येच मागे घेतला. "हिला पंचम लागेल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी खुंटी पिळली, तार वर गेली, जरा जास्तच. पुन्हा उतरवली. मग मणी. खोलीत कोणी बोलत नव्हतं. मी किती वेळ घेतला ते माहीत नाही, पण शालीच्या पिशवीचा कागद वाजत होता तोही थांबला. मग चारही तारा एकदा छेडल्या, आणि बाई त्या धाकटीला म्हणाल्या, "हं, घे सा."