एका पानात पुस्तक उतरवताना या चुका टाळा

जळगावच्या अभ्यासिकांमध्ये सेल्फ-हेल्प पुस्तकांच्या नोट्सच्या झेरॉक्स हातोहात फिरतात. त्यातल्या बहुतेक पानांवर सारांश नसतोच, अनुक्रमणिका असते.

स्टीफन कोवी यांचं १९८९ सालचं 'द सेव्हन हॅबिट्स ऑफ हायली इफेक्टिव्ह पीपल' घ्या. एका मुलाच्या पानावर एक ते सात आकडे, पुढे सात सवयींची नावं, तीन रंगांची शाई, अक्षर मोत्यासारखं. 'दोघांचाही फायदा बघा' ही सवय चौथीच का, पहिली का नाही, एवढं विचारलं तर त्याचं उत्तर पानावर कुठेच नव्हतं. पुस्तकाचं म्हणणं नेमकं त्या क्रमातच आहे. पहिल्या तीन सवयींनी माणूस परावलंबनातून स्वावलंबनाकडे येतो, पुढच्या तीन त्याला इतरांबरोबर काम करायला शिकवतात आणि सातवी या सगळ्यांना धार लावते. वरवरच्या वागण्याआधी चारित्र्य, हा लेखकाचा मूळ आग्रह. तो गाळला की चौथी सवय म्हणजे घासाघीस करायची युक्ती उरते. पुस्तक ज्याच्या विरोधात लिहिलंय, तेच पानावर येतं.

यावर उपाय वेळखाऊ आहे, पण दुसरा नाही. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि आठवणीतून एकच वाक्य लिहायचं. सगळी प्रकरणं झाली की ती वाक्यं 'कारण', 'म्हणून', 'तरच' या शब्दांनी जोडायची. जिथे एकही शब्द बसत नाही, तिथे ते प्रकरण नुसतं उदाहरण असतं किंवा तुमचं काहीतरी निसटलेलं असतं. तेवढंच प्रकरण पुन्हा वाचा.

मग ए-फोर कागदाची एकच बाजू घ्या. वर दोन ओळींत लेखकाने घेतलेला प्रश्न, खाली तीन ओळींत त्याचं उत्तर, मध्ये ही जोडलेली साखळी, एकच उदाहरण आणि तळाशी हे कुठे लागू पडत नाही त्याच्या दोन ओळी. बारीक अक्षरात दोन पानांचा मजकूर कोंबला तर ते एक पान होत नाही.

पहिल्याच वाचनात हायलायटर हातात घेऊ नका. शेवट माहीत नसताना सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पान पिवळं होतं.

सुविचार उतरवू नका.

दुसऱ्याच्या नोट्सवरून नोट्स काढणं तर सरळ बंद करा. त्याने गाळलेलं तुम्हाला कधीच दिसणार नाही. परीक्षा जवळ आलीय ही सबब इथे चालत नाही.

पान झालं की ते घरी कुणाला तरी अहिराणीत सांगून पाहा, कागदाकडे न बघता. जे वाक्य अहिराणीत सांगताना अडतं, ते तुम्ही समजून लिहिलेलं नाही, पुस्तकातून उचललेलं आहे. तेवढं खोडून पुन्हा लिहा.

काही पुस्तकांत साखळी नसतेच. एकच कल्पना दहा प्रकरणांत फिरवलेली असते. तिथे अर्धं पान पुरतं, उरलेलं कोरं राहू द्या.