मीटिंग कॅन्सल झाली की नवीन वेळ देताना हे बघा

शिरोलीतनं कास्टिंग पाठवतो आम्ही, क्लायंट डेट्रॉइटचा. ५ मार्च २०२६, गुरुवारची संध्याकाळी साडेसातची मीटिंग त्यानं कॅन्सल केली, म्हणजे त्याचे सकाळचे ९. मी पटकन लिहिलं, "मंगळवारी १० तारखेला, सेम टाइम". झाला घोळ! मधल्या रविवारी, ८ मार्चला, अमेरिकेत घड्याळं एक तास पुढं गेली, त्यामुळं साडेदहा तासांचा फरक साडेनऊ झाला आणि त्याचे ९ म्हणजे आपले साडेसहा. तो येऊन बसला, मी चहा पीत निवांत.

तेव्हापासनं जुना फरक डोक्यात धरून वजाबाकी करत नाही, नवीन तारखेचाच फरक बघतो, आणि मेलमध्ये दोन्हीकडचा वार, तारीख, वेळ गावाच्या नावानं टाकतो:

```
Tue 10 Mar, 9:00 am Detroit = Tue 10 Mar, 6:30 pm Kolhapur
```

नुसतं IST लिहू नका, आयर्लंड आणि इस्रायलवाले पण तेच लिहितात. EST पण नको, उन्हाळ्यात ते EDT असतंय.

दोन-तीनच स्लॉट द्या, त्यानं एक धरला की गूगल कॅलेंडरच्या इन्व्हाइटमध्ये टाइम झोन त्याच्या गावचा निवडा, मग तुमच्याकडं आपोआप साडेसहा दिसतंय का बघा, नसेल तर कुठंतरी चुकलंय. वार मात्र दोन्हीकडं लिहाच, कारण त्याचे सोमवार रात्रीचे ९ म्हणजे आपली मंगळवारची सकाळ. आणि युरोपवाला असेल तर त्यांची घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी हलतात, अमेरिकेबरोबर नाही.