माळा मोजताना या चुका टाळा

सहा मणी, लाल आणि पिवळा असे दोन रंग. दोऱ्यात ओवून गाठ मारली, तर वेगवेगळ्या माळा किती होतील? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं शिकवतोय आणि दर वर्षी पहिलं उत्तर तेच येतं: प्रत्येक मण्याला दोन रंग, म्हणून रंगवण्या चौसष्ट; फिरवून एकच माळ सहा प्रकारे दिसते, म्हणून चौसष्ट भागिले सहा. भागाकार दहा पूर्णांक सहासष्ट निघाला की चेहरे पडतात, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, अकरा धरू का?"

धरू नका, मोजा. ६४ ला ६ ने भागलं, म्हणजे प्रत्येक माळ त्या ६४ रंगवण्यांत बरोबर सहा वेळा आली आहे असं आपण न बघताच मान्य केलं. पण सगळे लाल मणी असलेली माळ एकदाच येते. ती कितीही फिरवा, तीच राहते. सगळ्या पिवळ्याचंही तसंच. एक लाल, एक पिवळा अशी आलटूनपालटून माळ दोनदा येते. दर तीन मण्यांनी नक्षी परत येते अशा दोन माळा आहेत, त्या प्रत्येकी तीनदा येतात. सहा वेळा येणाऱ्या माळा फक्त नऊ. जुळवून बघा: २ + २ + ६ + ५४ = ६४. आणि माळा १४.

बर्नसाइडचा लेमा हाच हिशेब उलट्या बाजूने करतो. प्रत्येक हालचाल घ्यायची, ती केल्यावर जशाच्या तशा दिसणाऱ्या रंगवण्या मोजायच्या, सगळ्यांची बेरीज करायची आणि हालचालींच्या संख्येने भागायचं. (लेमा बर्नसाइडचा नाहीच. त्याने स्वतः १८९७ च्या पुस्तकात श्रेय फ्रोबेनियसला दिलं होतं, आणि कोशीकडे तो १८४५ मध्येच होता. नाव मात्र चिकटलं ते चिकटलं.)

माळ दोन घरं फिरवली तर पहिला मणी तिसऱ्याच्या जागी जातो, तिसरा पाचव्याच्या आणि पाचवा परत पहिल्याच्या. माळ तशीच दिसायची असेल तर हे तिघे एकाच रंगाचे हवेत. उरलेल्या तिघांचंही तेच. म्हणजे दोन चक्रं, म्हणून रंगवण्या ४. अशा चक्रांची संख्या म्हणजे ६ आणि जितकी घरं फिरवली ती संख्या यांचा मसावि. शून्य ते पाच घरं फिरवताना येतात ६४, २, ४, ८, ४, २. बेरीज ८४, भागिले ६, उत्तर १४. इथे घाईत असलेली मंडळी पहिला ६४ विसरतात, कारण "काहीच न करणं" ही हालचाल वाटत नाही. ती हालचाल आहे, आणि बेरजेतला सगळ्यात मोठा वाटा तिचाच आहे.

आता माझी आवडती चूक. आवडती, कारण ती मी स्वतः छापून वाटली आहे.

माळ हातात घेऊन उलटी करता येत असेल तर फिरवण्याच्या सहा हालचालींत आरशातल्या सहा मिळवाव्या लागतात. एकूण बारा. एका सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मी लिहिलं होतं: प्रत्येक आरशात मण्यांच्या तीन जोड्या, म्हणून ८ रंगवण्या, सहा आरसे, म्हणून ४८, ८४ आणि ४८ मिळून १३२, भागिले १२, उत्तर ११. निःशेष भाग गेला, म्हणून मी निर्धास्त होतो. तोवर मी वर्गात ठासून सांगायचो की पूर्णांक आला की हिशेब बरोबर.

परीक्षेनंतर एक मुलगी पेपरच्या मागे पेन्सिलीने काढलेल्या तेरा माळा घेऊन आली. म्हणाली, "सर, यातल्या कुठल्या दोन सारख्या आहेत ते दाखवा." मी वीस मिनिटं शोधत होतो. एकही जोडी सापडली नाही.

मण्यांची संख्या सम असली की आरसे दोन जातींचे असतात. तीन आरसे समोरासमोरच्या दोन मण्यांतून जातात. ते दोन मणी जागचे हलत नाहीत, उरलेल्या चौघांच्या दोन जोड्या होतात, म्हणजे चक्रं चार आणि रंगवण्या १६. बाकीचे तीन आरसे मण्यांच्या मधल्या फटीतून जातात; तिथे खरोखर तीन जोड्या, म्हणून ८. बेरीज ४८ + २४ = ७२. ८४ धरून १५६, भागिले १२, उत्तर १३.

गंमत अशी की सहाही आरशांना १६ दिलेत तर १८० भागिले १२, म्हणजे १५. तेही पूर्णांक! दोन्ही बाजूंनी चुका, दोन्ही वेळा निःशेष भाग. १५ तरी पकडता येतं, कारण उलटण्याची परवानगी मिळाल्यावर माळा १४ च्या वर जाऊच शकत नाहीत. ११ बघून मात्र काही कळत नाही. ही चूक येते कुठून, तर पाच मण्यांच्या उदाहरणातून. विषम संख्येत प्रत्येक आरसा एका मण्यातून आणि समोरच्या फटीतून जातो, सगळे आरसे सारखेच. ते सूत्र पाठ करून लोक सहा मण्यांवर चिकटवतात. मी हल्ली सूत्र वापरतच नाही. कागदावर षटकोन काढतो, आरशाची रेघ मारतो आणि चक्रं बोटाने मोजतो. मुलं हसतात, हसू देत.

१४ मधली जी एक माळ १३ मध्ये गळते तीही ओळखून ठेवा: लाल-लाल-पिवळा-लाल-पिवळा-पिवळा. तिला उलटलं तर लाल-लाल-पिवळा-पिवळा-लाल-पिवळा मिळते, आणि नुसती फिरवून पहिलीची दुसरी होत नाही. म्हणून हिशेबाआधी प्रश्न परत वाचा: उलटता येते का? मणी थाळीवर चिकटवलेले असतील तर नाही.

"तीन लाल, तीन पिवळे" अशी अट असेल तर दोनाचे घात सोडून द्या. प्रत्येक हालचालीत पूर्ण चक्रं उचलून लाल मणी नेमके तीन होतात का ते बघा: काहीच न करता २०, दोन आणि चार घरांना प्रत्येकी २, बाकी फिरवण्यांना शून्य. २४ भागिले ६, म्हणजे ४.

संगणकावर करणाऱ्यांना एकच सांगणं: `//` ने भागू नका. उरलेली बाकी ते गुपचूप गिळतं आणि चूक कळायची जी थोडीफार संधी असते तीही जाते. आधी `%` तपासा. आणि लहान संख्येसाठी लेमा बाजूला ठेवून सरळ मोजून घ्या:

```python
from itertools import product
n, k = 6, 2
seen = set()
for w in product(range(k), repeat=n):
    r = [w[i:] + w[:i] for i in range(n)]
    r += [x[::-1] for x in r]
    seen.add(min(r))
print(len(seen))
```

हे १३ छापतं. `r +=` ची ओळ काढली की १४. वीस मणी आणि दोन रंगांपर्यंत, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास रंगवण्यांपर्यंत, साधा लॅपटॉपही हे निभावतो. त्यापुढे षटकोनाच्या जागी वीस बाजूंची आकृती काढायची तयारी ठेवा.