सुई मध्ये आली म्हणून खूश होऊ नका : आयएलएस अप्रोचमधल्या या चुका टाळा

सिम्युलेटरमध्ये शिकवायला बसलं की त्याच त्या चुका नव्या चेहऱ्यांनिशी येतात. धुक्यात आयएलएसवर, म्हणजे विमानतळावरून येणाऱ्या रेडिओ सिग्नलच्या आधाराने उतरायचं म्हणजे धावपट्टीची दिशा दाखवणारी लोकलायझरची उभी सुई आणि उतरणीची रेषा दाखवणारी ग्लाइड स्लोपची आडवी सुई मध्ये ठेवायची, बाकी ऑटोपायलट बघून घेईल, असा पोरांचा समज असतो. त्या सुया काय मोजतात हे विचारलं की शांतता.

त्या फक्त दोन सुरांची तुलना करतात. ग्लाइड स्लोपचा अँटेना ९० आणि १५० हर्ट्झचे सूर पाठवतो. विमान रेषेच्या वर असेल तर ९० चा जोर जास्त, खाली असेल तर १५० चा, आणि दोन्ही सारखे झाले की सुई मध्ये. लोकलायझरचंही तसंच, फक्त वर-खालीऐवजी डावं-उजवं. म्हणजे मध्ये आलेली सुई ‘दोन्ही सूर सारखे आहेत’ एवढंच सांगते. तुम्ही तीन अंशांच्या उतारावर आहात, असं ती कधीच म्हणत नाही. माझ्या दोन्ही लाडक्या चुका इथेच जन्मतात.

ग्लाइड स्लोप वरून पकडणं

ग्लाइड स्लोपची रेषा तयार होताना अँटेनाच्या पुढची जमीनही कामाला येते. तिच्यावरून परावर्तित झालेल्या लहरी थेट लहरींत मिसळतात, आणि त्यातून खऱ्या रेषेच्या वर, साधारण नऊ अंशांवर, एक खोटी रेषाही उमटते. तिच्या आसपास आणि कधीकधी सहा अंशांजवळ सुईची दिशा उलटीही होते. तीन अंशांच्या खाली मात्र असं काही नसतं. म्हणून रेषा खालून पकडायची: विमान सपाट उडतंय, सुई वरून खाली सरकत मध्ये येतेय.

एका मुलाला मी नागपूरचा अप्रोच दिला होता. तिथली जमीन समुद्रसपाटीपासून सुमारे १०३० फुटांवर आहे. मी कंट्रोलर होऊन त्याला मुद्दाम ५००० फुटांवर अडकवून ठेवलं आणि खोटी रेषा चालू केली. त्याने आधीच अप्रोच मोड, म्हणजे ऑटोपायलटला सुया पकडायला लावणारा मोड, लावून ठेवला आणि वाट बघत बसला. धावपट्टीपासून चार सागरी मैलांवर सुई मध्ये आली. “सर, ग्लाइड स्लोप कॅप्चर्ड!” मी सिम्युलेटर तिथेच गोठवला आणि विचारलं, “चार मैलांवर किती फूट हवं होतं?” तो सुईकडे बोट दाखवत राहिला. उत्तर साधारण २३५० होतं. तो त्याच्या दुप्पट उंचीवर होता. १४० नॉटच्या वेगाला तीन अंशांच्या उतारावर मिनिटाला सव्वासातशे-साडेसातशे फूट उतरावं लागतं. नऊ अंशांवर तेच २२०० च्या वर जातं. म्हणजे उतरण्याचा वेग बघितला असता तरी सापडलं असतं. पण घाई! ‘आता पकडतंय सर’ हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप फ्रीझच्या बटणाकडे जातो.

हे सिम्युलेटरचे खेळ नाहीत. ३१ मे २०१३ ला नेदरलंड्समधल्या आयंडहोवनला एक बोइंग ७३७-८०० असंच रेषेच्या वर राहिलं. खोट्या सिग्नलच्या नादाने ऑटोपायलटने नाक एकदम वर उचललं, वेग घसरला, स्टॉलचा इशारा देणारा स्टिक शेकर हलू लागला. वैमानिकांनी गो-अराउंड करून, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाऊन, सावरलं.

वर राहिलात तर गिअर खाली, फ्लॅप, वेग कमी, आणि उतारापेक्षा जरा जास्त दराने उतरत रेषेपर्यंत या. पण प्रत्येक मैलाला उंची तपासतच. जमत नसेल तर कंट्रोलरला सांगा, पुन्हा एक फेरी द्या. पाच मिनिटं जातील. त्या पाच मिनिटांची लाज वाटणाऱ्यांना मी धुक्यात पाठवत नाही.

सुई मध्ये आहे म्हणून उंची न तपासणं

ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण इथे काहीच चुकल्यासारखं दिसत नाही. २९ जुलै २००० ला, रात्रीच्या काळोखात एअर न्यूझीलंडचं बोइंग ७६७ सामोआत अपियाच्या विमानतळावर येत होतं. जमिनीवरचा ग्लाइड स्लोपचा ट्रान्समीटर दुरुस्तीनंतर बायपासमध्येच राहिला होता. बिघाड ओळखून यंत्र बंद करणारी देखरेख त्यामुळे निकामी झाली होती आणि वर-खालीचा फरक सांगणारा सिग्नल जातच नव्हता. दोन्ही सूर सगळीकडे सारखेच. म्हणजे विमान कुठेही असो, सुई अगदी मध्ये! सिग्नल बिघडल्याचा लाल फ्लॅग नाही, इशारा नाही. ऑटोपायलट आज्ञाधारकपणे उतरत गेला. बाहेरचे दिवे आणि अंतर जुळत नाही हे कॉकपिटमध्ये लक्षात आलं तेव्हा विमान ४०० फुटांच्या खाली होतं आणि धावपट्टी अजून साडेपाच मैलांच्या आसपास दूर. गो-अराउंडने सगळे वाचले.

साडेपाच मैलांवर किती हवं होतं? मैलाला साधारण ३१८ फूट, शिवाय धावपट्टीच्या सुरुवातीचे ५०. म्हणजे १८०० फूट. इतका फरक समजायला कसलंही यंत्र लागत नाही, पाढा लागतो. मी अप्रोचच्या आधी गुडघ्यावरच्या पॅडवर तीनच आकडे लिहितो: आठ, पाच आणि तीन मैलांवरची उंची, विमानतळाची उंची धरून. चार्टवर तक्ता असला तरी हाताने लिहितो. अंतर दाखवणाऱ्या डीएमईचा शून्य नेहमी धावपट्टीच्या टोकाशीच असतो असं नाही, हे लिहिताना लक्षात येतं. आणि लोलकासारखी झुलणारी सुई मला घाबरवत नाही. गुळगुळीत, ढिम्म सुई घाबरवते. सुई हलतच नसेल तर आकडा आधी तपासा.

बाकीच्या, थोडक्यात

आयएलएसची मोर्स ओळख, म्हणजे सिग्नलबरोबर येणारी मोर्समधली अक्षरं, न ऐकणं. आळस, दुसरं काही नाही. फ्रीक्वेन्सी लावली, अंतर दिसलं, झालं! ओळख येत नसेल किंवा चाचणीची येत असेल तर त्या सिग्नलवर उतरायचं नाही.

सुईच्या मागे धावणं. ग्लाइड स्लोपच्या मापावरचा एक डॉट म्हणजे दहा मैलांवर साधारण ३७० फुटांचा फरक, एका मैलावर ३७ फुटांचा. दूर असताना केलेली दुरुस्ती जवळ आल्यावर तशीच केली तर विमान वरखाली नाचतं. जवळ आल्यावर अर्धा अंश, एक अंश, बस.

डिसिजन हाइटला, म्हणजे उतरायचं की वर जायचं ते ठरवण्याच्या उंचीला, धावपट्टी शोधत बसणं. साध्या आयएलएसला, म्हणजे कॅटेगरी एकला, २०० फुटांवर तुम्ही धावपट्टीच्या सुरुवातीपासून साधारण ८७० मीटर मागे असता. आरव्हीआर, म्हणजे धावपट्टीवर दिसण्याचं अंतर, ५५० मीटर असेल तर धावपट्टी दिसणारच नाही, अप्रोच लाइटचा एक तुकडा दिसेल. तो दिसला तर पुढे, नाही तर वर. ‘अजून दोन सेकंद सर’ असं काही नसतं.

आणि स्वच्छ हवेत सरावासाठी ऑटोलँड, म्हणजे ऑटोपायलटनेच विमान टेकवणं, करताना समोरच्या विमानांचा विचार न करणं. धुक्याच्या कार्यपद्धती लागू नसतात तेव्हा लोकलायझरच्या अँटेनासमोरचा भाग कोणी तुमच्यासाठी मोकळा ठेवत नाही. ३ नोव्हेंबर २०११ ला म्युनिकला बोइंग ७७७ ऑटोलँड करत असताना उड्डाण करणाऱ्या विमानाने लोकलायझरचा सिग्नल बिघडवला, आणि ७७७ डावीकडे वळून गवतात गेलं. तिथे हात कंट्रोलवर ठेवा आणि टॉवरला आधी कळवा.